शेवटच्या गाण्यावरचा टिळा

हरिओम वायाळला खुर्चीवर निवांत बसलेला मेहकरात कोणी पाहिलेला नाही. त्याच्या दुकानात खुर्ची आहे, चांगली गादीची आहे, पण तिच्यावर कायम वायरींची भेंडोळी पडलेली. हा माणूस उभ्यानं चहा पितो, उभ्यानं फोनवर बोलतो, बोलता बोलता फळीवरचा अँप्लिफायर सरळ करतो, मग सरळ केलेला परत तिरपा करतो, हवा लागावी म्हणून. जुन्या बसस्टँडच्या मागं 'वायाळ साऊंड' अशी पाटी आहे. त्या पाटीखाली जुन्या पाटीचा रंग अजून दिसतो. 'येथे मेमरी कार्ड भरून मिळेल.' आणि त्याच्याही खाली, डोळे बारीक केले तर, 'कॅसेट'.

घरचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाप म्हणायचा, पोरगं पाण्याच्या पाळीवर उभं राहत नाही, बारं सोडून दुसरीकडंच पळते. ते पळत पळत सायकलवर कॅसेटींची पेटी बांधून बाजार करू लागलं. मग कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचा धंदा आला. तोही गेला. आता मोठे साऊंड बॉक्स, मिक्सर आणि एक आयशर गाडी. लग्न, सप्ताह, सभा, जयंती. प्रत्येक धंद्यातलं थोडं थोडं सामान मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत मुक्कामाला राहिलं. त्यात जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या सीडी ड्राइव्ह पण होत्या.

या ड्राइव्ह त्यानं का ठेवल्या, ते घोड्यामुळं.

एका लग्नात वरातीच्या वेळी त्यानं सीडीवरून घाईघाईत कॉपी केलेलं गाणं लावलं होतं. घरच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा चांगलं होतं. पण मोठ्या बॉक्सवर मधेच असा काही 'टक्' वाजला, की नवरदेवाचा घोडा दोन्ही पाय उचलून थेट मंडपात. नवरदेव खाली, फेटा नालीत. वरपक्षाची माणसं हरिओमला शोधत फिरली आणि तो बॉक्सच्या मागं लपून एकच विचार करत राहिला, की हा टक् आला कुठून? सीडीवर तर नव्हता. म्हणजे कॉपी करतानी आला. म्हणजे मशीन वाचतानी खोटं बोलली.

तेव्हापासून त्याला ते वेड लागलं. हिंदीतले व्हिडिओ पाहून पाहून तो ईएसी नावाचा प्रोग्राम शिकला. गाण्याची सीडी त्यातून काढायची म्हणजे मशीनला एकदा वाचून सोडायचं नाही. वाच, परत वाच, दोन्ही वेळा सारखं आलं तरच पुढं जा. सारखं नाही आलं तर त्याच जागी घुटमळत रहा. हे काम त्याच्या स्वभावाच्या अगदी उलट. म्हणून तो ते सुरू करायचा आणि तोवर दुकानात येरझाऱ्या घालायचा.

त्या दिवशी गाडी भरणं चाललं होतं. हिवरा आश्रमाच्या बाजूला एका मोठ्या कार्यक्रमाचा साऊंड होता आणि संध्याकाळच्या आत सगळं लावून, वाजवून पाहायचं होतं. ड्रायव्हर गोविंदा बॉक्सला दोर बांधत होता. हरिओम त्यानं बांधलेला दोर सोडून परत बांधत होता.

"हरिभाऊ, म्या बांधलेलं कदी तुमाले पटलं हाये काय?" गोविंदा म्हणाला. "लगनात नवरीचं बाशिंगही तुमीच बांधा आता."

तेवढ्यात समोर दोन बायका येऊन थांबल्या. एक तिशीतली, खांद्याला पर्स, हातात मोबाईल. दुसरी म्हातारी, काटक, गळ्याभोवती उन्हातही स्कार्फ गुंडाळलेला. म्हातारीच्या हातात चोळीच्या खणात बांधलेलं काहीतरी चपटं.

"वायाळभाऊ तुमीच काय?" तरुण बाईनं विचारलं. "मी अश्विनी. पांगरीहून आलो आमी. ह्या माह्या सासूबाई, मनकर्णाबाई. त्याहीचं एक गानं हाये. ते नीट काढून पायजे."

"आज नाही जमनार, वहिनी. गाडी निघून राह्यली."

म्हातारी काही बोलली. ओठ हलले, आवाज आला तो नुसता वाऱ्यासारखा, वाळल्या पाल्यातून जावा तसा. हरिओम पुढं वाकला.

"गळ्याचं ऑपरेशन झालं त्याहीचं," अश्विनी म्हणाली. "आता एवढंच बोलता येते. म्हणून राह्यल्या, पाहून तं घ्या."

हरिओमचे पाय गाडीकडं, कान इकडं. तो दुकानात शिरला. बायका मागं आल्या.

अश्विनीनं मोबाईल पुढं केला. पांगरीच्या महिला भजनी मंडळानं वीसेक वर्षांखाली जालन्याच्या एका स्टुडिओत गाणी भरली होती. कॅसेट निघाली आणि थोड्या सीड्या. आता मंडळाच्या मुख्य चांगुणाबाई, त्यांचा भाचा दीपक, त्यानं ती गाणी युट्यूबवर टाकली होती. शेवटचं गाणं अश्विनीनं लावलं. पडद्यावर नाव आलं. 'पालखीचा दांडा. गायिका, चांगुणाबाई.'

"हे ऐका. यात पालखी हाये काय कुठं?"

नव्हती. गाण्यात बारव होती, तिच्या पायऱ्या होत्या, पाण्याला उतरणारी एक बाई होती. आठदहा जणींचा कोरस जोरात होता, टाळ होते. आणि गाणं एकदम विझत गेलं, जसं कोणी आवाजाचं बटण खाली ओढलं असावं.

"हे आमच्या आईचं गानं हाये," अश्विनी म्हणाली. "बारवेची पायरी. शेवटाले सगळ्या गप होतात आन् आई एकल्या म्हणतात, एक पूर्ण कडवं. तेच दीपकभाऊनं कापलं. म्हणे तिथं खराब हाये, टक टक वाजते. बरं, वरतून नावही चांगुणाबाईचं. माही पोरगी काय म्हणे माहीत हाये काय? म्हणे, आजी, तू तं यात हायेसच नाही."

मनकर्णाबाईनं मान दुसरीकडं वळवली.

"मंग दीपकले सांगा ना. नाव बदलाले काय लागते?"

"सांगतलं. तो म्हणते, कार्डावर जसं हाये तसंच टाकलं. आज संध्याकाळी सगळी गानी तो कोन्या कंपनीले पाठवून राह्यला, मंग सगळ्या ॲपवर जातील. एकदा गेले की नाव बदलनं लय किचाट हाये म्हणे. म्हणून म्हणाला, ओरिजनल नीट काढून आना संध्याकाळच्या आत, टाकतो. आन् सीडी एवढी एकच राह्यली साऱ्या गावात. त्यानं आमच्याचकडून नेली होती."

बाहेर गोविंदानं हॉर्न दाबला. हरिओमनं तिथूनच हात हलवला, थांब अशा अर्थाचा की जा अशा अर्थाचा, ते गोविंदाला कळलं नसावं. कारण परत हॉर्न वाजला.

मनकर्णाबाईनं खण सोडला. आतल्या डबीत एक कार्ड आणि सीडी. हरिओमनं सीडी कडेला धरून ड्राइव्हमध्ये सारली. प्रोग्राम उघडला. दहा गाणी दिसली, नावं नव्हती, नुसते नंबर.

"नावं इंटरनेटवर सापडतात काय?" अश्विनीनं विचारलं.

"सापडतात. गान्याच्या लांबीवरून तो वळखते कोनती सीडी हाये ते. पाहू." त्यानं बटण दाबलं. नावं भराभर आली. हरिओम हसला. "घ्या. पोलंड देशातला कोनता तरी बँड हाये. लांब्या जुळल्या म्हणून पांगरीचं मंडळ पोलंडात गेलं."

मनकर्णाबाईच्या खांद्याला हलका हिसका बसला. ती हसत होती, आवाजाशिवाय.

त्यानं ती नावं पुसली. मग प्रत्येक गाणं सुरुवातीला थोडं, मधे थोडं, असं वाजवत कार्ड समोर धरलं. पहिल्याच गाण्याला कार्ड म्हणत होतं एक आणि सीडी म्हणत होती दुसरंच. दुसऱ्याला तसंच. तिसरं जुळलं, तेही चुकून. कार्डावर वरच्या अर्ध्या भागात पाच नावं, मधे बारीकशी रेघ, खाली पाच.

हरिओमनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. हे तं कॅसेटचं कार्ड हाये!"

"म्हंजे?"

"ही रेघ पाहा. वरची 'ए' बाजू, खालची 'बी' बाजू. वहिनी, म्या पेटी भरून कॅसेटी विकल्या, मले इचारा. कॅसेटले दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या लागतात. नाही तं एका बाजूले टेप उगाच कोरी फिरत राह्यते. मंग गानी इकडची तिकडं करतात. आन् मुख्य बाईचं गानं पयल्यांदा आन् शेवटी, म्हंजे टेप कुठूनही लावली की तिचंच येते. सीडीले तं बाजूच नाही. तिच्यात ज्या क्रमानं स्टुडिओत भरली त्याच क्रमानं टाकली असतील. आन् कार्ड मातर कॅसेटचंच लहान करून छापलं. कोनालेच ऐकून पाहावं वाटलं नाही."

मनकर्णाबाई पुटपुटली. अश्विनीनं कान जवळ नेला.

"म्हणतात, माहं गानं सगळ्यात शेवटी भरलं होतं. सगळ्या थकल्या होत्या, जेवाच्या आधी."

"झालं तं मंग. शेवटचंच हाये ते."

हरिओमनं एकेक गाणं ऐकून नाव लिहायला सुरुवात केली. गाण्याच्या ओळी सापडल्या की कार्डावरचं नाव सापडायचं, नावासमोरची गायिका सापडायची. दोन ठिकाणी ओळी कार्डावरच्या नावाशी नीट लागेनात. मनकर्णाबाईनं कार्डावर बोट ठेवलं आणि मानेनं होकार दिला. एका गाण्याला तिचं बोट रेंगाळलं. तिथं छापलेलं होतं, पंचफुलाबाई.

नावं झाली. आता काढायचं. पहिली नऊ गाणी मशीननं ओढली. आधी एकदा वाचून तपासणी, मग दुसऱ्यांदा वाचून कॉपी. दोन्ही वाचनांचा एकेक आकडा निघायचा, अक्षरं आणि अंक मिसळलेला, आणि दोन्ही आकडे सारखे आले की हरिओम पायानं ताल धरायचा. एरवी नावाजलेल्या सीडीचं काम असलं की जगभरच्या लोकांनी काढलेल्या कॉप्यांशी हा आकडा ताडून पाहता येतो. पांगरीची सीडी त्या यादीत कुठून असणार? म्हणून स्वतःचंच एक वाचन दुसऱ्याला साक्षी.

दहावं गाणं अर्ध्यापर्यंत सरळ गेलं. मग मशीनचा सूर बदलला. आधी घूं घूं, मग खर्र, थांब, परत खर्र. पडद्यावर दुरुस्तीचे लाल ठिपके एकामागं एक पेटू लागले. वेग पडत पडत असा झाला की गाणं गायला लागेल त्याहून वाचायला जास्त वेळ.

"हरिभाऊ!" गोविंदा दारात आला. "सांगा बा, मी एकलाच जाऊन मायक धरून गानं म्हणू काय तिथं?"

"दोन मिनिट."

"सकाळपासून तुमचे दोनच मिनिट चालू हायेत. त्या दोन मिनिटाची बी टेप अटकली काय?"

हरिओम खोलीत आला, बाहेर गेला, गाडीचा मागचा फाळका उगाच हलवून पाहिला, परत आला. ठिपके तिथंच. शेवटी मशीननं काम संपवलं आणि संशयाच्या जागा खाली मांडल्या. गाण्याच्या मध्याच्या पुढं सुरू झालेल्या जागा, आणि शेवटाकडं तर सलग. तपासणीचा आकडा एक, कॉपीचा आकडा दुसरा.

त्यानं वाजवून पाहिलं. सुरुवातीला काही कळत नव्हतं. मग कोरसच्या खाली बारीक टक टक टक, सारख्या अंतरानं, टाळाच्या तालाशी भांडणारं. जसजसं गाणं पुढं जाई तसतसं ते वाढत गेलं.

"सारख्या अंतरानं," हरिओम स्वतःशीच बोलला. "म्हंजे चक्कर पूर्ण झाली की एकाच जागी आपटून राह्यलं."

त्यानं सीडी बाहेर काढली, दारात नेली, उजेडाकडं तिरपी धरली. गाणी जिथवर भरली होती तिथवरचा रंग थोडा गडद, त्याच्या बाहेर कोरं कडं. आणि त्या कोऱ्या कड्यावर, आत गाण्याच्या रंगावर चढलेलं, अंगठ्याएवढं लाल काहीतरी. वाळून पापुद्रे धरलेलं.

"हे काय हाये?"

अश्विनीनं पाहिलं. मग सासूकडं पाहिलं.

"कुकू हाये," ती म्हणाली.

"सीडीले?"

"सीड्या गावात आल्या, तवा मंदिरात पयल्या सीडीची पूजा केली. हळद, कुकू, अक्षता. सगळ्याहीनं."

"आन् ते चमकत्या बाजूले लावलं?"

मनकर्णाबाईनं हात तोंडाजवळ नेला, बोटांनी आरसा धरल्यासारखं केलं. चेहरा दिसतो ती बाजू. देवाचं असो की माणसाचं, टिळा तोंडालाच लावतात, पाठीला कोण लावते?

हरिओमला हसू आलं आणि पाठोपाठ हायसं वाटलं. चरा असता तर कठीण होतं, वरच्या बाजूनं छिलली असती तर संपलंच होतं. हे तर नुसतं कुंकू. "सीडी आतून बाहेर वाचत जाते, वहिनी. शेवटचं गानं सगळ्यात बाहेरच्या बाजूनं. टिळा कडेले लावला, म्हणून त्याची टोकदार बाजू ह्या गान्यात शिरली. बाहेर जावं तसा तो रुंद होत जाते, म्हणून टक टक वाढत जाते. काही नाही, कोमट पान्यानं धुऊन टाकू. दोन मिनिट."

तो भांडं आणायला वळला. मनकर्णाबाईनं सीडी त्याच्या हातातून काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली.

"आई?" अश्विनी म्हणाली.

म्हातारी बोलली. बराच वेळ बोलली, त्या वाळल्या पाल्यासारख्या आवाजात, आणि अश्विनी ऐकत राहिली.

"म्हणतात, हा टिळा पंचफुलामावशीच्या बोटाचा हाये. दोघी बाया एका आळीतल्या, जोडीनं निंदाले जायच्या. मावशी टिळा लावून म्हणाली, मनकर्णे, पयली सीडी तुह्या घरी जाईन. मावशी गेली. तिचा फोटोही नाही कोनापाशी. धुवू नोका म्हणतात. तसंच काढा, जमलं तं."

हरिओमचा पाय जमिनीवर टकटक करायला लागला. बाहेर हॉर्न. त्याला वाटलं, सांगावं, बाई, एवढ्या वेळात मी मंडप गाजवला असता. पण त्यानं मागच्या खोलीत जाऊन खोकं उपसलं. जुन्या ड्राइव्ह काढल्या. एकीची सैल झालेली रबरी पट्टी बदलली, दुसरीचं दार टाचणीनं उघडलं. काही ड्राइव्ह खराब जागा दुसरीपेक्षा बऱ्या वाचतात, हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक ड्राइव्ह वाचायला जराशी पुढं किंवा मागं सुरुवात करते, तो फरक त्यानं प्रत्येकीसाठी आधीच शोधून ठेवला होता. तो भरला तरच दोन ड्राइव्हचे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

एकीनं सीडी नुसतीच फिरवली आणि थुंकली. दुसरीनं मात्र खर्र न करता, सुरळीत, शेवटपर्यंत वाचून दाखवलं. हरिओमनं कान लावला. टक टक नाही! अश्विनीचा चेहरा उजळला.

"झालं की वो भाऊ! चांगलं वाजून राह्यलं."

हरिओम आकडे पाहत होता. तपासणीचा एक, कॉपीचा वेगळा. परत वाचलं. तिसराच.

"वाजते चांगलं," तो म्हणाला. "पन हे खरं नाही."

"काऊन?"

"खरं असतं तं दर बारीले तेच आलं असतं. ह्या ड्राइव्हले तिथलं दिसूनच नाही राह्यलं. जिथं दिसत नाही तिथं ती अल्याडपल्याडचं पाहून मधलं आपल्या मनानं भरते. गुळगुळीत करते. म्हणून टक वाजत नाही."

"मंग चालते ना. कोनाले कळते?"

खरं होतं. कोणाला कळणार होतं? दीपकला नाही, त्याच्या कंपनीला नाही. गाडी निघाली असती, बायकांना बस मिळाली असती. हरिओमनं माऊसवर बोट ठेवलं. उचललं. दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला.

"काकू, तुमीच ऐका," तो म्हणाला आणि मोठा हेडफोन काढून त्यानं मनकर्णाबाईच्या पदरावरून कानाला लावला. आधी टक टक असलेलं लावलं, मग गुळगुळीत. शेवटचं कडवं. कोरस थांबला, टाळ थांबले, आणि एकटीचा आवाज आला. हेडफोनच्या बाहेर तो मुंगीएवढा ऐकू येत होता. पायरी पायरीनं खाली उतरणारा, पाण्याजवळ थांबणारा आवाज. म्हातारीचे डोळे मिटलेले, मान किंचित डोलत होती. मग एका जागी मान थांबली. तिनं डोळे उघडले. बोटानं खूण केली, परत.

हरिओमनं परत लावलं. तीच जागा, मान परत थांबली. तिनं हेडफोन काढला आणि गळ्यावर, स्कार्फवर, बोटानं एक छोटं वळण काढलं. वर, खाली, आणि मधे एक हिसका. हरिओमला कळलं. तिथं एक मुरकी होती, आणि मशीननं तिची सरळ रेघ करून टाकली होती.

"हे," ती म्हणाली. या वेळी हरिओमलाही ऐकू आलं. "हे माहं नाही."

बाहेर हॉर्न थांबला होता, गोविंदा तंबाखू मळत असावा.

म्हातारीनं सीडी हातात घेतली, तिरपी केली. लाल टिळा पाहिला. मग अश्विनीच्या कानात काहीतरी म्हणाली.

"म्हणतात, पंचफुलामावशी कोरसमधीही हाये ना? तिचा आवाज त्यात हाये. पानी आना म्हणतात. पन धुवीन मीच."

हरिओम पळाला. शेजारच्या हॉटेलातून वाटीत कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि चष्मा पुसायचा मऊ कपडा. "पदरानं नोका पुसू काकू, चरे पडतील. आन् गोल गोल नोका, आतून बाहेर सरळ. असं. भाकर थापता तसं नाही, केस विंचरता तसं. वरच्या बाजूले पानी लागू देऊ नोका."

मनकर्णाबाईनं बोट बुडवून आधी टिळा भिजू दिला. घाई केली नाही. तिच्याजागी हरिओमच तळहात पँटीला पुसत होता. मग तिनं मधून कडेकडं कपडा ओढला. एकदा, परत एकदा. वाटीतलं पाणी गुलाबी झालं. टिळा गेला, जागी नुसती फिकट छटा राहिली.

"राहू द्या तेवढं," हरिओम म्हणाला. "मशीनचा उजेड तांबड्यातून जाते. त्याले तेवढ्याची अडचन नाही."

सीडी वाळवून आत गेली. तपासणी सुरू झाली. अर्ध्यापर्यंत सरळ. मध्याच्या पुढं सरळ. हरिओमनं दोन्ही हात खिशात कोंबले. शेवटाकडं दोन लाल ठिपके पेटले, मशीन एका जागी घुटमळली, खर्र केलं. ठिपके विझले, पट्टी पुढं सरकली. आकडा आला. मग कॉपी. पुन्हा तेच घुटमळणं, त्याच जागी, आणि पुढं. दुसरा आकडा आला. हरिओमनं पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, मग दुसऱ्या आकड्याचं एकेक अक्षर. सारखं.

तरी त्याचं समाधान नव्हतं. त्यानं सीडी काढून त्या खोटारड्या ड्राइव्हमध्ये घातली.

"आता काय?" अश्विनी रडकुंडीला आली.

"हिले एक मोका देऊन पाहू. तिच्यावर खोटं बोलाचा आळ हाये ना."

त्या ड्राइव्हनंही तोच आकडा दिला. आता हरिओमनं टाळी वाजवली, एकच, आणि दीपकला फोन लावला.

"दीपक, हरिओम वायाळ बोलून राह्यलो. तुह्या मावशीचं मंडळ हाये ना, त्याची सगळी दहा गानी पाठवून राह्यलो. जशीच्या तशी, एक टिपूस कमी नाही. कापजो नको, दाबजो नको. आन् नावं फायलीतच भरली हायेत, ते कार्ड चुलीत घाल."

पलीकडून दीपक काही म्हणाला. मग फोनवर दुसराच आवाज आला, जाड, हुकमी. चांगुणाबाई.

"कोनतं गानं म्हणे मनकर्णाचं?"

"शेवटचं, बाई. बारवेची पायरी."

"मंग हायेच तिचं. म्या कुठं म्हटलं माहं हाये?"

"तुमचं नाव टाकलं होतं तिथं."

"टाकलं होतं," चांगुणाबाई म्हणाली. "लोकं चांगलं म्हणून राह्यले होते. म्या म्हटलं, म्हणू द्या. हाये काय ती तिथं? तिले म्हणा, ते शेवटचं कडवं मले कदी जमलं नाही. ते तिलेही माहीत हाये, सटवीले."

हरिओमनं निरोप द्यायची गरज नव्हती. फोनचा आवाज दुकानभर होता. मनकर्णाबाईचे खांदे परत हलले.

फाईली गेल्या. अश्विनी सीडी डबीत घालत होती. मनकर्णाबाईनं वाटीत बोट बुडवलं, तळाशी बसलेला गाळ बोटावर घेतला आणि ती काय करते ते हरिओमला कळायच्या आत ड्राइव्हच्या कपाळावर टेकवला.

"काकू! फटीत नोका जाऊ देऊ!"

म्हातारीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की एवढं काय मला कळत नाही काय. टिळा फटीच्या बराच वर होता.

हिवरा आश्रमाच्या रस्त्यानं गाडी निघाली. मैदानात बॉक्स उभे राहिले, वायरी जोडल्या. हरिओमनं आवाज तपासायला एक गाणं लावलं. रोज लावतो ते नाही.

बारव, पायऱ्या, कोरस. मग सगळ्या थांबल्या आणि एकटा आवाज भल्या मोठ्या बॉक्समधून मैदानावर पसरला. मांडवाचे खांब रोवणारी माणसं थांबून पाहू लागली. कुठं टक् नाही. मुरकी आली तेव्हा गोविंदानं मान वर केली.

"हे त्या बुडीनं म्हटलं? ज्या बुडीले बोलताच येत नाही?"

"हाव."

"मंग मले आधी सांगाचं ना बे. म्या हॉर्न नसता वाजवला."

हरिओम एका बॉक्सवर टेकला. कडवं संपेपर्यंत टेकला होता, असं गोविंदा अजून सगळ्यांना शपथेवर सांगतो. मग डाव्या बाजूच्या बॉक्समध्ये कुठंतरी बारीक घूं ऐकू आलं, आणि हरिओम उठून वायर हुडकायला लागला.